नदीकिनारी नसलेल्या घरात दोन रात्री

‘भीमेच्या काठी, सोलापूरपासून ३५ मिनिटांवर, हुरड्यासह अस्सल ग्रामीण मुक्काम.’ ही ओळ वाचूनच मी नवऱ्याला म्हटलं होतं, की पस्तीस मिनिटांत आपण फार तर कामतीपर्यंत पोचू, आणि कामतीला काही भीमा नाही. पण जानेवारीचा तिसरा आठवडा होता, आईला यंदा हुरडा शेतात बसून खायचा होता, आणि फोटोत सोप्यावर बसलेल्या काकू इतक्या मनापासून हसत होत्या की बुकिंग करून टाकलं. मोठी तीन माणसं आणि आठ वर्षांचा लेक, दोन रात्री. माणशी रोजचे १,८०० रुपये, मुलाला निम्मे, जेवणखाण सगळं त्यात. एकूण १२,६०० रुपये आधीच भरले.

शुक्रवार

दुपारी दोनला सोलापुरातून निघालो. देगाव, कामती, बेगमपूर आणि तिथला भीमेचा पूल, हा मंगळवेढ्याचा रस्ता आता चांगला झालाय. पुलावरून लेकाने नदी बघून घेतली आणि विचारलं, इथेच का? मी म्हटलं, जवळच असेल. मुख्य रस्ता सोडेपर्यंत पाऊण तास झाला. नकाशातल्या खुणेने आम्हाला नेऊन सोडलं ते गावातल्या ग्रामपंचायतीसमोर. पारावरचे आजोबा आमची गाडी बघून स्वतःहूनच म्हणाले, “हुरड्याचं घर व्हय? ते वस्तीवर हाय. सरळ जावा, दोन वढे लागतील, दुसऱ्याच्या फुडं बोराचं झाड.”

हा पहिला धडा आम्ही जागेवरच शिकलो. आमच्याकडे शेतकरी कुटुंबं बरीचशी गावठाणात राहत नाहीत, शेतातल्या वस्तीवर राहतात. नकाशावर खूण टाकणारा गावाचं नाव टाकतो आणि मोकळा होतो. मधले तीन-चार किलोमीटर कच्चे असतात आणि जमीन काळी. जानेवारीत ही वाट नुसती धुळीची होती, पण दोन दिवस पाऊस झाला तर याच काळ्या रानात छोटी गाडी चाकं चिखलाने भरून जागच्या जागी बसेल. पावसाळ्यात जाणाऱ्याने यजमानांना एकच विचारावं, शेवटच्या पट्ट्यात मुरूम टाकलाय का. आमच्या वाटेवर पहिल्या ओढ्यापर्यंत होता, पुढे नव्हता. पोचायला एक तास वीस मिनिटं लागली.

तात्या फाटकात उभेच होते. साठीचे, डोक्याला टोपी, हातात बॅटरी, दिवसाढवळ्या. “खूण चुकलीय न्हवं? सगळ्यांचीच चुकती. भाच्याला लय येळा सांगितलं.” हा भाचा पुण्याला असतो. जाहिरात त्याने लिहिली, फोटो त्याने काढले, बुकिंग त्याच्या मोबाईलवर येतं आणि तो मामाला फोन करून सांगतो, उद्या चार माणसं. तात्यांनी स्वतःची जाहिरात कधी वाचलेलीच नव्हती. रात्री मी ती त्यांना वाचून दाखवली. ‘नदीकिनारी’ला ते मोठ्याने हसले, आणि ‘चोवीस तास गरम पाणी’ला काकू आतून म्हणाल्या, “चोवीस तास बंबापाशी कोण बसणार ओ?”

नदी अडीच किलोमीटरवर आहे. फोटोत दिसणारं निळं पाणी शेततळ्याचं. फोटो खोटा म्हणता येत नाही, पाणी आहे, निळंही आहे, कारण तळाशी प्लॅस्टिकचं अस्तर आहे. पण भाच्याने तो काठावर ओणवं होऊन, कुंपण चौकटीत येणार नाही असा काढला होता. आणि काढला होता पावसाळ्यानंतर, तळं काठोकाठ असताना. आम्ही गेलो तेव्हा पाणी बरंच खाली गेलं होतं आणि कडेचं काळं अस्तर उन्हात चकाकत होतं. लहान मुलं सोबत असतील तर ही बाब नुसती सौंदर्याची राहत नाही. शेततळ्याच्या उताराचं अस्तर ओलं झालं की साबणासारखं निसरडं होतं, आत गेलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. कुंपण आणि काठाला बांधलेला दोर आहे का, हे मी तरी यापुढे आधी विचारणार. इथे दोन्ही होतं. जाहिरातीत मात्र जे दाखवायला हवं होतं, तेच कापलेलं.

खोलीत गेल्यावर माझा खरा मूड गेला. जाहिरातीत खोलीचे पाच फोटो होते: लाकडी पलंग, खिडकीतून ज्वारीचं रान, न्हाणीघरात कमोड. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, म्हणून मी तो कमोडचा फोटो मोठा करकरून बघितला होता. इथे खोल्या तीन, आणि कमोड एकीतच. ती खोली कोल्हापूरकडच्या एका कुटुंबाला आदल्या दिवशी दिलेली. आमच्या खोलीत स्वच्छ, पांढरंशुभ्र, पण खाली बसायचं भांडं. पाचही फोटो त्या एकाच चांगल्या खोलीचे होते आणि तिन्ही खोल्यांना तेच लावलेले.

मी तात्यांशी भांडले नाही. आवाज थोडा चढला असेल. ते आत गेले, काकूंशी काही बोलले, आणि दहा मिनिटांत काकू त्या दुसऱ्या कुटुंबातल्या वहिनींना घेऊन आल्या. “आजींना आमची खोली द्या की, आम्हाला काय फरक पडतोय,” असं त्या म्हणाल्या आणि सामानाची अदलाबदल झाली. प्रश्न सुटला तो दोन भल्या बायकांमुळे, जाहिरातीमुळे नाही. वहिनींच्या जागी कुणी अडून बसणारं असतं तर आई दोन दिवस पाणीच कमी प्यायली असती, तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. तेव्हा घरात गुडघेदुखी असेल तर ‘पाश्चिमात्य पद्धतीचं स्वच्छतागृह आहे’ या वाक्यावर जाऊ नये. एकूण खोल्या किती, आणि आम्हाला मिळणाऱ्या खोलीच्या न्हाणीघराचा आजचा फोटो पाठवा, एवढं दोन ओळींत मागावं. पाठवायला दोन मिनिटं लागतात. टाळाटाळ झाली की समजायचं.

बाकी खोली झकास. दगडी भिंती जाड, वर पत्रा पण खाली छत घातलेलं, चादरी उन्हात वाळलेल्या वासाच्या. ‘चार जणांसाठी’ म्हणजे एक पलंग आणि दोन गाद्या जमिनीवर, हे मात्र लिहिलेलं नव्हतं. एसी होता. लावून बघितला तर संध्याकाळी तो नुसताच गुरगुरला आणि पंखाही मंदावला, कारण वस्तीवरची वीज शेतीच्या लाईनवरून येते आणि आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या की दाब पडतो. जानेवारीत आम्हाला दुलया लागल्या, एसी कशाला लागतोय. पण एप्रिलमध्ये, सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असताना, ‘एसी’ ही दोन अक्षरं वाचून कुणी लहान बाळाला घेऊन आलं तर पत्र्याखाली त्याचे हाल होतील.

रात्रीचं जेवण सोप्यावर, पाटावर बसून. आईला खुर्ची. ज्वारीची गरम भाकरी, हिरव्या वांग्याची शेंगकूट घातलेली भाजी, कांदा, आणि शेंगांची चटणी. इथे मी सोलापूरकर म्हणून जरा नाक वर करून बसले होते. चटणी घरची की विकतची हे मी बोटात धरून बघते. उखळात कुटलेल्या चटणीत शेंगदाणा दळला जात नाही, चेचला जातो, त्याला तेल सुटतं आणि चटणी बोटात दाबली की लाडवासारखी धरते. मिक्सरची भुरभुरीत राहते, आणि जास्त फिरवली तर गोळा होऊन चिकटते. काकूंची धरली. वर लसूण नुसता वासाला नव्हता, दाताखाली आला. मी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा काकूंनी वाटीच पुढे सारली. “गावात मिक्सर लावत्यात आता. मला ती चटणी मातीसारखी लागती.”

शनिवार

सहाला अंगणातला बंब पेटला. तुराट्या कडकड वाजायच्या आणि धूर सरळ वर जायचा. साडेआठपर्यंत बादली बादली गरम पाणी, त्यानंतर नाही. ही वेळ जाहिरातीत प्रामाणिकपणे लिहिली असती तर मी तक्रार केली नसती, उलट लेकाला बंब दाखवायला मुद्दाम उठवलं असतं. बोअरचं पाणी क्षाराचं आहे, साबणाला फेस येत नाही आणि केस दोरीसारखे होतात. प्यायला जारचं पाणी ठेवलेलं होतं. इकडे बऱ्याच गावांत हेच असतं, त्याचं नवल नाही. पण पुण्या-मुंबईच्या माणसाने शाम्पूच्या भरवशावर राहू नये.

न्याहारीला धपाटे आणि दही. धपाटे हातावर थापून थेट तव्यावर टाकलेले, कडेला जरा करपलेले. नवरा पाच खाऊन उठला आणि मग हुरड्याला पोटात जागा उरेल का याची काळजी करत शेतात फिरत बसला.

आता हुरड्याचं. ‘हुरडा पार्टी समाविष्ट’ असं डिसेंबर ते मार्च या काळासाठी लिहिलेलं होतं. मार्चमध्ये कसला हुरडा? इकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. दाण्यात आधी दूध भरतं, मग ते दाट होत जातं, आणि दाणा अजून हिरवा, मऊ, पण नखाने दाबल्यावर दूध उडत नाही अशा टप्प्याला हुरडा होतो. त्याआधी चिकट लागतो, त्यानंतर पिठूळ. एका रानात हा टप्पा आठ-दहा दिवसांचाच. म्हणून धंदा म्हणून हुरडा करणारे वेगवेगळ्या तारखांना पट्टे पेरतात, म्हणजे एक पट्टा कडक होईपर्यंत दुसरा भरतो. तात्यांनी तीन पट्टे पेरले होते. त्यांनी मला ओळीने दाखवलं: पहिल्यातली कणसं पिवळट आणि कडक झालेली, दुसरीत आमचा आजचा हुरडा, तिसरी अजून दुधाळ. “फेब्रुवारीच्या पयल्या आठवड्यापर्यंत पुरल. त्याच्या फुडं कुणी आलं तर मी सांगतोच, हुरडा न्हाई.” सांगतात ते, पण पाहुणा दारात आल्यावर. पैसे तर आधीच गेलेले असतात.

दुसरी गोष्ट वाणाची. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी नावाजलेली, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते भाकरीसाठी. मालदांडीचा दाणा कोवळेपणी बोंडाला घट्ट धरून राहतो, चोळताना तूस सोबत येतं. हुरड्याला सुरती किंवा गूळभेंडी लावतात, कारण त्यांचा दाणा चोळताच सुटतो आणि गोड असतो. जाहिरातीत ‘मंगळवेढ्याच्या प्रसिद्ध मालदांडीचा हुरडा’ असं छापलेलं. तात्यांनी लावली होती सुरती, आणि त्यांनी बरोबर केलं होतं. म्हणजे इथे जाहिरातीने खोटं बोलून जे देऊ केलं त्याहून खरी वस्तू जास्त चांगली निघाली!

दुपारी चारला आगटी पेटली. बांधाजवळ हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या. ज्वाला आहे तोवर कणसं घालायची नाहीत, ती वरून जळतात आणि आत कच्ची राहतात. गोवऱ्यांचा लाल विस्तव होऊन वर राखेची साय धरली की तात्या कणसं दांड्यासकट आरात खोचायचे, दोन-तीन मिनिटांत फिरवायचे, आणि बाहेर काढून झटकून काकूंच्या हातात द्यायचे. काकू ते तळहातावर धरून दुसऱ्या हाताने चोळायच्या. एका कणसाचा मूठभर हुरडा. तूस फुंकरीने उडवायचं आणि गरम असतानाच खायचा. गार हुरडा आमच्याकडे कुणी पाहुण्याला देत नाही. मी चोळायला घेतलं तर दोन कणसांत तळहात लाल झाले. काकूंनी माझा हात उलटा करून बघितला आणि काही न बोलता कणीस काढून घेतलं.

सोबत शेंगांची चटणी, गूळ, दही, बोरं, रेवड्या. आई खुर्ची सोडून आगटीजवळ उलट्या घमेल्यावर जाऊन बसली, गुडघ्यांसकट. तिच्या माहेरी नान्नजकडे रान होतं, ते विकून चाळीस वर्षं झाली. तिने तात्यांना विचारलं, राखणीला अजून माळा घालता का. तेव्हा तात्यांनी गोफण काढली. पुढचा एक तास लेक गोफण फिरवत होता आणि आम्ही सगळे खाली वाकून बसलो होतो, कारण त्याचा दगड पाखरांकडे सोडून सगळीकडे जात होता. हे कशातच लिहिलेलं नव्हतं. ना गोफण, ना आईचं ते घमेलं.

सकाळचं फिरणं थोडक्यात सांगते. जाहिरातीत ‘ऐतिहासिक किल्ला ५ मिनिटांवर’ होतं. तो माचणूरचा, गाडीने वीस मिनिटं लागली. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं मंदिर, घाट, आणि शेजारी पडका भुईकोट. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं इथे होती. आता किल्ल्याच्या भिंतीवरून नदी तेवढी छान दिसते. लेक म्हणाला, ही बघ, आपल्या नदीकिनारी घराची नदी. तिथून मंगळवेढ्यात दामाजीपंतांच्या देवळात जाऊन आलो. दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना खुलं करणारा हा माणूस ज्वारीच्या गावचाच असावा, हे मला नेहमी चपखल वाटतं.

रात्री हुलग्याचं माडगं आणि कडक भाकरी. माडगं मला आवडतं, नवऱ्याला नाही, आणि शहरातून येणाऱ्या दहातल्या सात जणांना आवडणार नाही असा माझा अंदाज. काकूंना तो अंदाज आधीच होता, त्यांनी पिठलं वेगळं केलं होतं. मटण मागितलं तर मिळतं, पण सकाळी सांगावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. हे ‘सर्व समाविष्ट’मध्ये नव्हतं. कोल्हापूरकडच्या मंडळींनी मागवलं होतं आणि हिशेबावरून त्यांची भाच्याशी फोनवर थोडी वाजली.

रविवार

सकाळी हिशेबाचा विषय निघाला तो तात्यांकडूनच. मी सहज म्हटलं, चौघांचे साडेबारा हजार म्हणजे तुम्हालाही परवडत असेल. ते गप्प झाले. त्यांच्या हातात माणशी रोजचे १,३०० पडतात, मुलाचे निम्मे. म्हणजे आमच्या दोन रात्रींचे ९,१००. उरलेले साडेतीन हजार अॅपचं कमिशन आणि भाच्याचा वाटा. त्यांना भाच्याबद्दल तक्रार नव्हती. “त्यानं न्हाई केलं तर आमच्याकडं कोण येतंय ओ ताई?” काकूंचा सूर वेगळा होता, पण त्या काही बोलल्या नाहीत, फक्त भांडी जरा जोरात ठेवली.

पुढच्या वेळी थेट फोन करा, असं तात्या म्हणाले. करेनही. पण थेट बुकिंगमध्ये पैसे परत मिळण्याची सोय नसते, आणि काही बिनसलं तर दाद मागायला तात्यांशिवाय कुणी नसतं. ओळखीच्या घरी ते चालतं. पहिल्यांदा जाताना मी अॅपवरूनच जाईन, आणि लोकांचे अभिप्राय महिना बघून वाचीन. या घराला पावसाळ्यात आलेल्यांनी भरभरून तारे दिलेत, ते हिरवळीला आणि भरलेल्या तळ्याला. मे महिन्यातला एकच अभिप्राय आहे, तीन ओळींचा, आणि त्यात फक्त पंख्याबद्दल लिहिलंय. मी तो आधी वाचला होता. कुरकुऱ्या माणूस दिसतोय म्हणून सोडून दिला होता.

निघताना काकूंनी चटणीचा डबा दिला, पैसे घेतले नाहीत. आईने त्यांच्या हातात संक्रांतीचं राहिलेलं वाण ठेवलं, तिने ते पिशवीत घालून आणलं होतं हे मला माहीतच नव्हतं.

घरी येऊन तारे भरायला बसले. यजमान पाच, जेवण पाच, स्वच्छता पाच. खोली साडेतीनची होती, पण तिथे अर्धा देता येत नाही, चार दिले. ‘जाहिरातीप्रमाणे होतं का’ या रकान्यात दोन दिले आणि खाली कारणं लिहिली: नदी, कमोड, बंबाची वेळ, मार्चचा हुरडा, नकाशातली खूण. तात्यांचं नुकसान होईल का, म्हणून लिहायच्या आधी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “लिवा की. भाचा माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकल.”

चार दिवसांनी भाच्याचा मेसेज आला, जरा फणकाऱ्यानेच, की सुधारणा केली आहे, कृपया तारे वाढवावेत. बघितलं. कमोडचा फोटो आता एकाच खोलीखाली आहे. हुरडा ‘फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत’ झालाय. ‘नदीकिनारी’ काढून ‘शेततळ्याकाठी’ केलंय. सोलापूरपासून मात्र अजून ३५ मिनिटांवरच आहे.